सहा महिने वापरलेलं पशुखाद्य, आणि त्याच्या गोणीवर जे लिहिलं होतं ते

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात पहिली गोणी आणली आणि आता आषाढी होऊन गेली. सहा महिने पूर्ण झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते गोणीवरच्या मजकुराबद्दल, आणि तो कुणाच्याही गोणीवर असता तरी मी हेच लिहिलं असतं.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात. गोठ्यात दोन संकरित होलस्टिन गाया आणि एक पंढरपुरी म्हैस. चारा म्हणजे मालदांडीचा कडबा, हंगामात उसाचे वाढे आणि पाणी असेल तोवर लसूण घास. अंबोण म्हणून, एक वेत सोडलं तर, इतकी वर्षं सरकी पेंड आणि गव्हाचा भुसा मिसळून घालत होतो.

गेल्या वेताला मी दुसऱ्या एका कंपनीचं खाद्य घेतलं होतं. त्या गोणीवर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘१५ दिवसांत २ लिटर दूधवाढ हमखास’. हरणी व्यायल्यावर दहाव्या दिवशी ते सुरू केलं. १० लिटरची गाय पंधरा दिवसांत साडेबारावर गेली आणि मी सगळ्या आळीला सांगत सुटलो. तिसऱ्या महिन्यापासून दूध उतरायला लागलं, तेव्हा मी दोष पाण्याला दिला, वाढ्यांना दिला, आईच्या धार काढण्यालासुद्धा दिला. खरं कारण साधं होतं. व्यायल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवडे गायीचं दूध आपोआप चढतं आणि मग महिन्याला थोडं थोडं उतरत जातं. दहाव्या दिवशी सुरू केलेलं कुठलंही बरं खाद्य पंधरा दिवसांत ‘दूधवाढ’ दाखवणारच. गोणीवरची हमी खरी ठरली ती गायीच्या चढामुळे, आणि पैसे मी गोणीला दिले.

यंदाच्या गोणीच्या मागच्या बाजूला हा मजकूर आहे. जसाच्या तसा उतरवतो.

‘या खाद्याने दूध किती लिटर वाढेल, हे आम्ही सांगू शकत नाही. ते जनावराची जात, वेत, व्यायल्यापासूनचे दिवस, चारा, पाणी आणि उन्हावर ठरतं. आहारात काही कमी पडत असल्यामुळे जे दूध मिळत नसेल, ते मिळायला या खाद्याची मदत होईल. सुरू करण्याआधी सात दिवस दूध मोजून खालच्या चौकटीत लिहा.’

खाली खरंच सात घरांची चौकट आहे. तिच्याखाली आणखी एक, दोन महिन्यांनंतरच्या सात दिवसांसाठी.

दुकानदार म्हणाला, “मालक, कंपनीलाच खात्री नाही म्हणतात लोक. बाजूची घ्या, तिच्यावर तीन लिटरपर्यंत लिहिलंय.” त्या ‘पर्यंत’पाशी मी थांबलो. तीन लिटरपर्यंत म्हटल्यावर अर्धा लिटरही त्यात बसतो आणि शून्यही बसतं. या गोणीवर हमी नाही असं नाही. हमी आहे, पण कारखान्याच्या हातात जे आहे त्याचीच. प्रथिनं कमीत कमी २० टक्के, स्निग्धांश किमान किती, तंतू आणि ओलावा जास्तीत जास्त किती, वजन ५० किलो, आणि एका ओळीत ‘यात युरिया नाही’. पशुखाद्याच्या आयएस २०५२ या भारतीय मानकात टाईप १ ला २२ टक्के आणि टाईप २ ला २० टक्के प्रथिनं लागतात, म्हणजे हे टाईप २ मधलं खाद्य.

युरियाची ओळ मला फार मोलाची वाटली. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत, नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. त्यामुळे १०० किलोत एक किलो युरिया टाकला तरी कागदावर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास ‘प्रथिन’ वाढतं. मोठ्या जनावराला ठरावीक प्रमाणात ते चालतं, पण लहान कालवडीच्या पोटाला चालत नाही. नुसता टक्का छापून हे कळत नाही, ती ओळ लागतेच.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. हरणी नवरात्राच्या आधी व्यायली होती, म्हणजे जानेवारीच्या मध्याला तिचा चौथा महिना चालू होता. चौकटीत सात दिवस मोजून सरासरी आली ११.२ लिटर. दुसरी गाय चंपी, व्यायला सात महिने झालेली, ५ लिटरवर आलेली.

मजकुरात पुढे तक्ता आहे. अंगासाठी दीड किलो आणि शिवाय गायीला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. गाभण जनावराला शेवटच्या दोन महिन्यांत वर एक किलो. तक्त्याखाली जाड अक्षरात, ‘तुमचा मग एकदा काट्यावर तोलून घ्या’. आणि जुन्यावरून नव्यावर आठ-दहा दिवसांत हळूहळू या.

या ओळी मी वाचल्या, पण आईला सांगायच्या राहिल्या. आमचा दोन लिटरचा निळा मग आहे. जुन्या मिश्रणाचे दिवसाला सहा मग प्रत्येक गायीला, हे आईच्या हाताला बसलेलं. मी सोलापूरला गेलो होतो त्या दिवशी तिने नव्या खाद्याच्या गोळीचेही सहाच मग घातले, दोन्ही गायींना. रात्री हरणी गव्हाणीपाशी नुसती उभी, रवंथ जवळजवळ बंद आणि शेण पातळ, आंबूस वासाचं. सकाळी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अंबोण बंद करून दोन दिवस फक्त कडब्यावर ठेवायला सांगितलं आणि ती सावरली. मग काटा घेऊन बसलो. भुशाच्या मिश्रणाचा तो मग ८०० ग्रॅम भरला आणि गोळीचा १ किलो ३०० ग्रॅम. भुसा फुगीर, गोळी दाबलेली. आईने सहा मग म्हणून जवळजवळ आठ किलो घातलं होतं, तेही दोनच वेळांत आणि पहिल्याच दिवशी. चूक माझी. पण कंपनीला एवढं सांगेन की काट्यावर तोलायची ओळ मागे नको, गोणीचं तोंड जिथे शिवलेलं असतं तिथे हवी. गोणी उघडणारा माणूस मागची बाजू वाचतोच असं नाही.

तोलल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. इतकी वर्षं ११ लिटरच्या आणि ५ लिटरच्या गायीला मी सारखंच घालत होतो, सहा सहा मग, दोघींचं मिळून दहा किलोला थोडं कमी. तक्त्याप्रमाणे हरणीला ६ किलो आले आणि चंपीला साडेतीन. एकूण साडेनऊ किलो. रोजच्या अंबोणाचा खर्च वाढला नाही, थोडा कमीच झाला. फक्त चंपीच्या तोंडचं जे अंगावर चरबी होऊन बसत होतं, ते हरणीकडे गेलं.

मार्चच्या मध्याला दुसरी चौकट भरली तर सरासरी १०.६. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, हे तर कमी झालं की!” आकडा बघितला तर कमीच. मग मी गेल्या वेताची दूध केंद्राची कार्डं काढली. तेव्हा दूध देणारी हरणी एकटीच होती, त्यामुळे केंद्रावरचं दूध आणि घरचं लिटरभर मिळून तिचा हिशोब लागतो. गेल्या वेताला याच दोन महिन्यांत ती १०.८ वरून ९.१ वर आली होती. त्याच प्रमाणात उतरली असती तर यंदा ९.४ वर यायला हवी होती. ती १०.६ वर राहिली. म्हणजे रोज सव्वा लिटरच्या आसपास दूध टिकलं. केंद्रावर फॅट होती तशीच राहिली आणि एसएनएफ ८.२ वरून ८.४ वर आली.

हे सगळं गोळीचं श्रेय आहे का, ते मला वेगळं काढता येत नाही. काही वाटा खाद्याचा, काही वाटा तोलून वाटल्याचा. पण तोलायला लावलं ते मजकुरानेच, म्हणून तो वाटाही गोणीच्याच नावावर धरतो. ‘हमखास’ छापणाऱ्या गोणीने मला एकदाही काट्यावर बसवलं नव्हतं.

एप्रिल-मेमध्ये दूध उतरलं. पारा चाळिशीच्या वर गेला की संकरित गाय दुपारी चाऱ्याला तोंड लावत नाही, धापा टाकत उभी राहते. हरणी आठवर आली. आधीचा मी असतो तर घाबरून अंबोण वाढवलं असतं. गोणीवर लिहिलं होतं, ‘कडक उन्हात दूध घटतं. ते खाद्य वाढवून भरून काढू नका. पहाटे आणि रात्री खायला द्या, पाणी सावलीत आणि सतत ठेवा. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त नको.’ चारा कमी खाल्लेल्या पोटात जास्त गोळी गेली तर आईच्या हातून झालं तेच पुन्हा झालं असतं. आम्ही तीन वेळा विभागून घातलं, शेवटचं रात्री दहाला. पाऊस पडल्यावर ती थोडी सावरली, पण तोवर तिचं वेतही सरत आलं होतं.

तक्रारी आहेत. तक्त्यात ‘२० ते २५ किलो हिरवा चारा’ गृहीत धरलाय. आमच्याकडे फेब्रुवारीनंतर तेवढा हिरवा चारा कुणाकडे असतो? नुसता कडबा आणि वाढे असतील तर काय, याची एक वेगळी ओळ सोलापूर भागासाठी हवीच. उत्पादनाचा महिना शाईने मारलेला असतो आणि दोन गोण्यांवर तो पुसलेला होता. त्यातली एक उघडली तर कोपऱ्यात गोळ्यांचे ढेकूळ आणि बुरशीचा वास. ती मी परत केली आणि दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली.

सगळ्यात मोठी तक्रार पुढच्या चित्राची. मागे इतकं जबाबदारीने लिहिलंय, आणि पुढे परदेशी गाय, जमिनीला टेकेल एवढी कास आणि बाजूला भरून वाहणारी किटली. ज्याला वाचता येत नाही तो चित्रच वाचतो. आमची आई चित्र बघूनच म्हणाली होती, “ही गोणी दुप्पट दूध देणार बघ.” जी हमी शब्दांत द्यायची नाही, ती चित्रातही देऊ नये. गोणीवरच्या नंबरला फोन करून मी हे सांगितलं. तिथल्या बाईंनी नीट ऐकून लिहून घेतलं. चित्र अजून तेच आहे.

हरणी आता आटवायला आलीय. व्यायल्यावर तिला हेच खाद्य ठेवणार आहे, पण चौकट व्यायल्याबरोबर भरणार नाही. तिसरा महिना लागला की सात दिवस मोजेन आणि या वेताच्या आकड्यांशेजारी लिहीन. चौकटी भरलेली ती रिकामी गोणी धुऊन, घडी घालून माळ्यावर ठेवलीय.