प्रायव्हेट डीएनएस आठ महिने वापरून: रेंज फुल, 5G चालू, आणि तरी नेट बंद का पडतं

मी गेल्या आठ महिन्यांपासून अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएस या सेटिंगमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर स्वतः निवडायच्या जागी, जाहिराती अडवणाऱ्या एका सर्व्हिसचं नाव टाकून ठेवलंय. फायदा खरंच आहे, बातम्यांच्या साइटवर मध्येमध्ये उड्या मारणाऱ्या जाहिराती जवळजवळ गेल्या, फुकटच्या ॲपमधल्याही बऱ्याच कमी झाल्या, आणि वेगळं ॲप टाकावं लागलं नाही. पण एका दिवशी याच सेटिंगने मला पूर्ण चार तास फिरवलं, ते सविस्तर सांगतो कारण बाहेरून बघितलं तर दोष सिमचाच वाटतो.

सकाळी घरून निघालो तेव्हा वायफायवर सगळं नीट चालू होतं. मंचरला एसटी स्टँडवर चहावाल्याला यूपीआय करायला गेलो तर नुसतं गोल फिरत राहिलं. वर 5G आणि सगळ्या काड्या भरलेल्या. घरी फोन लावला, लागला, आवाज स्वच्छ. क्रोममध्ये कुठलीही साइट टाकली की ERR_NAME_NOT_RESOLVED. मग फ्लाइट मोड केला, फोन बंद-चालू केला, कस्टमर केअरला विचारून एपीएनचं म्हणजे मोबाइल डेटाचं सेटिंग पुन्हा भरलं, शेवटी दुसऱ्या सिमचा डेटा चालू केला. तरी तेच! दोन्ही कंपन्यांचं नेट एकाच वेळी बंद पडेल का, हा विचार मला तिथेच यायला हवा होता.

खरी खूण मिळाली ती हॉटस्पॉटमुळे. लॅपटॉप त्याच फोनच्या हॉटस्पॉटला जोडला आणि त्यावर सगळं धडाधड उघडलं, फोनवर मात्र काहीच नाही. म्हणजे टॉवर, सिम, डेटा पॅक सगळं ठीक होतं. हॉटस्पॉटवरची उपकरणं फोनचं प्रायव्हेट डीएनएस वापरत नाहीत, त्यांचे प्रश्न सिम कंपनीच्या साध्या डीएनएसकडे जातात, म्हणून लॅपटॉप चालला.

आता हे होतं कशामुळे. काड्या फक्त फोन आणि टॉवरमधला रेडिओ कसा आहे ते दाखवतात, पुढचं नेट चालतंय का ते नाही. आणि व्होल्टी कॉलचा मार्ग नेटच्या डेटापासून वेगळा असतो, म्हणून फोन लागतो. साइट उघडण्याआधी मात्र नावावरून तिचा आयपी पत्ता शोधावा लागतो, ते काम डीएनएसचं. हे सेटिंग अँड्रॉइड 9 पासून आहे, त्यात Automatic ठेवलं तर फोन आधी सुरक्षित मार्ग बघतो आणि नाही जमला तर गुपचूप साध्या डीएनएसवर येतो. पण तुम्ही स्वतः सर्व्हरचं नाव टाकलं की फोन दुसरीकडे कुठेही विचारत नाही, पोर्ट 853 वरून तो सर्व्हर मिळाला नाही तर सगळी नावं शोधणं थांबतं. माझ्या घरच्या वायफायवरून तो सर्व्हर मिळत होता, त्या दिवशी मोबाइल डेटावरून मिळत नव्हता, एवढंच. आणि सेटिंग फोनचं आहे, सिमचं नाही, त्यामुळे सिम बदलून काय होणार.

व्हॉट्सॲपवर आधी दोन मेसेज आले होते त्यानेही गोंधळ वाढला. आधीच जोडलेल्या कनेक्शनला नाव पुन्हा शोधावं लागत नाही, म्हणून ते थोडा वेळ चालू राहतं.

तुमच्याकडे असं झालं तर क्रोममध्ये हे टाकून बघा:

```
https://1.1.1.1/cdn-cgi/trace
```

हा सरळ आयपी पत्ता आहे, नाव शोधायची गरजच नाही. हे उघडलं आणि बाकी साइट उघडत नसतील तर डीएनएसच. सेटिंग्जच्या सर्चमध्ये Private DNS टाका, खाली Couldn't connect दिसलं तर नक्की झालं, Automatic करा, नेट लगेच येतं.

हा पत्ताही उघडला नाही तर व्हीपीएन बघा. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं होतं. त्याने व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये Always-on VPN आणि Block connections without VPN दोन्ही चालू केलेलं, आणि बॅटरी वाचवायच्या नादात फोनने ते व्हीपीएन ॲपच बंद केलं. मग व्हीपीएनचा बोगदा, म्हणजे ज्यातून फोनचं सगळं नेट जातं तो मार्ग, नाही आणि बोगद्याबाहेरून जायलाही मनाई, म्हणजे फोनवर एकही पान उघडणार नाही, कॉल मात्र चालू. त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट दिल्यावर त्याचा त्रास थांबला.

माझी खरी तक्रार एकच आहे, प्रायव्हेट डीएनएस वायफायला वेगळं आणि मोबाइल डेटाला वेगळं ठेवता येत नाही. आणि Automatic केलं की जाहिराती परत येतात, कारण मग डीएनएस सिम कंपनीचंच. तरी मी काढलेलं नाही. घरी नाव टाकलेलं असतं, लांबच्या प्रवासाला निघताना किंवा यूपीआयवर अवलंबून असेन त्या दिवशी आधीच Automatic करून निघतो. आईच्या फोनमध्ये मी नाव टाकलं होतं ते मात्र दुसऱ्याच दिवशी काढलं, तिला गावी हे शोधायला कोण सांगणार.