३० शॉर्ट्सचं पॅकेज घेतलं आणि हातात शिळ्या पोळीचा कुस्करा आला

आईचं यूट्यूबवर रेसिपीचं चॅनल आहे, शूटिंग-एडिटिंग मी बघते. व्हिडिओ लांबलचक असतात, पुरणपोळीचा तर २२ मिनिटांचा आहे. गेल्या वर्षी एकाने मेसेज केला की ताई तुमच्या ६ व्हिडिओंचे ३० शॉर्ट्स करून देतो, सगळं हाताने एडिट, मराठी सबटायटलसकट, १२ हजार रुपये, निम्मे आधी. सॅम्पल इतकं भारी होतं की मी लगेच ६ हजार पाठवले. ते सॅम्पल मुळात फोन उभा धरूनच शूट केलेलं होतं, कुठल्याही लांब व्हिडिओतून कापलेलं नव्हतंच, हे मला फार नंतर कळलं.

दोन दिवसांत ३० फाइल्स आल्या. स्पीड बघून खूश झाले आणि न बघताच उरलेले ६ हजारही दिले, इथे मी माती खाल्ली.

मग बघायला बसले. प्रत्येक क्लिप ५८ नाहीतर ५९ सेकंदांची. माणसाने कापलं असतं तर एखादी २० ची, एखादी ४५ ची झाली असती ना, कारण गोष्ट जिथे संपते तिथे कट येतो. हे सरळ ऑटो-क्लिपच्या सॉफ्टवेअरमधून काढलेलं होतं. एक क्लिप सुरू होते तीच मुळी "तर मगाशी आपण जे झाकून ठेवलं होतं ना" अशी. मगाशी म्हणजे कधी? काय झाकलं होतं? नवीन माणूस तिथेच अंगठा सरकवतो.

आणि क्रॉप! आडव्या १०८० च्या व्हिडिओतून उभी चौकट कापली की रुंदीचे १९२० पैकी जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश चित्र जातं आणि उरलेलं ताणून मोठं केलं की धुरकट दिसतं. तेवढ्यात काय ठेवायचं हेच तर एडिटिंग. सॉफ्टवेअर चेहरा शोधतं, त्यामुळे आई मस्त मधोमध बोलतेय आणि तवा चौकटीबाहेर. पोळी फुगली तो क्षण नुसता ऐकू येतो. सबटायटलमध्ये पुरणाचं सगळीकडे "पूर्ण" झालेलं, आणि तेही एकदम तळाशी, जिथे चॅनलचं नाव आणि टायटल येतं, त्यामुळे निम्मं वाचताच येईना.

त्याला सांगितलं तर त्याने एका शॉर्टवरच्या ९ हजार व्ह्यूजचा स्क्रीनशॉट पाठवला, बघा ताई चालतंय. पण मार्च २०२५ च्या शेवटापासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी यूट्यूब व्ह्यू धरतं. लगेच न सरकवता बघणाऱ्यांचा खरा आकडा यूट्यूब स्टुडिओत एंगेज्ड व्ह्यूजमध्ये असतो, तो काढला तर हजारसुद्धा नव्हता. मूळ व्हिडिओची लिंकही पठ्ठ्याने डिस्क्रिप्शनमध्ये टाकलेली, जी शॉर्ट्समध्ये २०२३ पासून क्लिकच होत नाही, त्यासाठी स्टुडिओत रिलेटेड व्हिडिओ म्हणून वेगळा जोडावा लागतो. प्रोजेक्ट फाइल्स मागितल्या तर "त्या आम्ही देत नाही", आणि दुसऱ्या दिवशी ब्लॉक.

शेवटी मीच एक करून बघितला. २२ मिनिटांतून फक्त एक प्रश्न घेतला, पोळी लाटताना फुटते का. मूळ व्हिडिओत चौदाव्या मिनिटाला आईची एक पोळी खरंच फुटली होती, ते शॉर्टमध्ये पहिल्या सेकंदाला आणलं. मग सातव्या मिनिटाचं, पुरणात उलथनं उभं राहतंय का ते बघायचं, आडवं पडलं तर पुरण सैल आहे. मग तव्यावर टम्म फुगलेली पोळी, बस, ३४ सेकंद. या तुकड्यांना जोडणारं वाक्य व्हिडिओत नव्हतंच, म्हणून आईकडून फोनवर नवीन बोलून घेतलं: "पोळी फुटली की कणकेला दोष देऊ नका, आधी पुरण बघा." चौकट प्रत्येक शॉटला हाताने सरकवली, लाटताना हात, मग कढई, मग तवा. आईचा चेहरा एकदाही नाही. सबटायटल मधल्या पट्ट्यात. या एवढ्याला माझी अख्खी दुपार गेली, म्हणजे दोन दिवसांत ३० म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं.

आता कुणी असं पॅकेज विकायला आलं तर मी आमच्याच एका व्हिडिओचा एक शॉर्ट करून मागते, त्याचे पैसे देऊन, आणि कुठले तुकडे का उचलले ते फोनवर विचारते. आतापर्यंत तिघांना विचारलं, दोघांनी पुढे उत्तरच दिलं नाही. तिसरीने आधी विचारलं, "ताई, मूळ फुटेज फोर-के आहे का?" कारण तेव्हा उभ्या चौकटीला १२१५ पिक्सेल रुंदी मिळते आणि ताणावं लागत नाही. तिला काम दिलंय.

आईने ते जुने ३० बघितले तेव्हा एवढंच म्हणाली, "अगं, मी काय बातम्या देतेय का? तवा कुठाय?"