फोडणारा फेज की दडून बसणारा? प्रकल्पासाठी निवड करताना

बेळगावच्या बळ्ळारी नाल्यातून बाटलीभर पाणी आणलं की फेज, म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू, बहुधा हाती लागतोच. शहराचं सांडपाणी जिथे वाहतं तिथे ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू असतो आणि ई. कोलाय असला की त्याच्यावर जगणारे विषाणूही असतात. बेळगाव, निपाणी, खानापूरकडची एम.एस्सी.ची मुलं प्रकल्पाला फेजने जिवाणू मारून उपचार करण्याचा विषय घेतात तेव्हा अडतं ते पुढच्या पायरीवर. प्लेटवर दोन तऱ्हेचे फेज आले, तर पुढे कोणता न्यायचा?

आधी प्लेटपर्यंत येऊ. नाल्याचं पाणी सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं. जिवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. त्यात दुप्पट तीव्रतेचं ब्रॉथ आणि भराभर वाढणारं ई. कोलायचं कल्चर मिसळून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. इथे ई. कोलाय म्हणजे आपल्याला हवा तोच, समजा लघवीच्या संसर्गातून आलेला, औषधांना दाद न देणारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिल्टर करून दहापट-दहापट पातळ करत जायचं, प्रत्येक नळीतलं ०.१ मिली घेऊन जिवाणूसोबत कोमट मऊ अगारमध्ये मिसळायचं आणि प्लेटवर ओतायचं. पुढच्या सकाळी जिवाणूंची पांढुरकी साय आलेली असते आणि तिच्यात गोल खिडक्या दिसतात. हेच प्लाक. दहा लाख पटींनी पातळ केलेल्या नळीतून ४२ प्लाक आले, तर मूळ द्रवात मिलीला ४२ कोटी फेज आहेत.

आता खिडक्या नीट बघा. काही काचेसारख्या स्वच्छ, काहींच्या मधोमध धुकं. "सर, धुकं असलेलं मोठं आहे की, हेच घेऊ?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. उपचाराच्या दृष्टीने फेज शोधत असाल तर माझं उत्तर नाही असंच असतं, आणि कारण या दोघांच्या स्वभावात आहे.

स्वच्छ खिडकी पाडणारा फेज साधारणपणे फोडणारा, म्हणजे लायटिक. टी४ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ई. कोलायला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, जिवाणूची सगळी यंत्रणा स्वतःच्या कामाला जुंपतो आणि ३७ अंशांवर अर्ध्या तासाच्या आत पेशीची भिंत फोडून शंभरावर पिल्लं बाहेर पडतात. त्याला दुसरा मार्गच नाही.

दडणाऱ्याला, म्हणजे लायसोजेनिक मार्ग जाणणाऱ्याला, दोन मार्ग असतात. लॅम्डा फेज कधी जिवाणू फोडतो, तर कधी आपला डीएनए ई. कोलायच्या गुणसूत्रात ठरलेल्या जागी घुसवून गप्प बसतो. त्याचं रिप्रेसर नावाचं एक प्रथिन बाकीचे जीन बंद ठेवतं. जिवाणू वाढतो, विभागतो, आणि दर पिढीत फेजची नक्कलही पुढे जाते. अतिनील किरणांनी किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाने जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की रिप्रेसर तुटतो आणि दडलेला फेज जागा होतो. प्लाकमधलं धुकं म्हणजे हेच फेज बाळगणारे, जिवंत राहिलेले जिवाणू. आत बसलेला रिप्रेसर नंतर आलेल्या त्याच जातीच्या फेजलाही गप्प करतो, त्यामुळे ते पुन्हा त्या फेजने मरत नाहीत.

मग जास्त डोस दिला तर? इथे उलटंच होतं. लॅम्डासारखे अनेक फेज एकाच पेशीत शिरले की दडण्याकडे कल वाढतो. म्हणजे डोस वाढवाल तसे जास्त जिवाणू मरण्याऐवजी सुरक्षित होण्याची शक्यता. त्याहून मोठी भीती विषाची. कॉलऱ्याचं विष, घटसर्पाचं विष, ई. कोलाय ओ१५७ चं शिगा विष, या तिन्हींचे जीन जिवाणूंकडे दडणाऱ्या फेजमधून आलेले आहेत. रोग्याला बरं करायला दिलेल्या फेजने साध्या जिवाणूला विषारी करून ठेवलं, तर काय उत्तर द्यायचं?

पण धुकं दिसलं म्हणून तो दडणाराच, असा शिक्का मारू नका. फोडणाऱ्या फेजच्या प्लाकमध्येही, ज्यांनी फेज जिथे चिकटतो तो आपला रिसेप्टर बदलला असे प्रतिकारक जिवाणू उगवतात. उलट रिप्रेसर बिघडलेला लॅम्डा अगदी स्वच्छ प्लाक पाडतो. म्हणून मधल्या धुक्यातला जिवाणू सुईने उचला, सुटे फेज निघून जाईपर्यंत दोन-तीनदा नव्या प्लेटवर रेषा ओढून शुद्ध करा आणि दोन प्रश्न विचारा. तोच फेज टाकला तर तो मरतो का? डीएनएला इजा करणारं मायटोमायसिन सी दिल्यावर त्यातून फेज बाहेर पडतो का? मरत नाही आणि फेजही सोडतो, तर आत फेज दडलेला आहे. मरत नाही पण फेजही सोडत नाही, तर बहुधा साधा प्रतिकारक. शेवटचा निकाल मात्र जीनोमवरूनच. फेजचा डीएनए गुणसूत्रात घुसवणारं इंटिग्रेज, रिप्रेसर किंवा विष यांपैकी कशाचाही जीन आढळला, तर तो फेज बाद.

कधीकधी फोडणारा मिळतच नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक केस यासाठी मुद्दाम वाचावी. लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या, फुप्फुसं बदललेल्या १५ वर्षांच्या मुलीला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला होता आणि औषधं थकली होती. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या संग्रहातून तीन फेज निवडले. मडी हा दक्षिण आफ्रिकेत कुजक्या वांग्यावर सापडलेला, जात्याच फोडणारा. झोजे आणि बीपीएस मात्र दडणारे. त्यांचा रिप्रेसर जीन काढून टाकला आणि त्यांना फोडणारं बनवलं. तिघांचं मिश्रण शिरेतून दिवसाला दोनदा, दर डोसला प्रत्येकी सुमारे १०० कोटी फेज, असं महिनोन् महिने दिलं. शस्त्रक्रियेची जखम भरली, यकृताचं काम सुधारलं. एकच फेज असता तर त्याला प्रतिकार करणारा जिवाणू लवकर उगवला असता, म्हणून तिघे. अशी जीन-शस्त्रक्रिया एम.एस्सी.च्या दोन सत्रांत बसत नाही. धुकं पाडणारा फेज जीवशास्त्र शिकायला ठेवा, उपचाराच्या प्रकल्पाला स्वच्छ प्लाकचाच घ्या.

फोडणारा निवडला म्हणजे काम झालं असंही नाही. युरोपातल्या फॅगोबर्न चाचणीत भाजलेल्या जखमांवर १२ फेजचं मिश्रण लावलं. साठवणुकीत फेज इतके मेले की प्रत्यक्ष डोस ठरवल्याच्या हजारो पट कमी पडला, आणि नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम सरस ठरलं. म्हणून तुमच्या प्रकल्पातही फ्रिजमधल्या नळीची प्लाकमोजणी दर आठवड्याला करा.

घरातल्या रोग्यासाठी विचारणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. एखादं अँटिबायोटिक अजून लागू पडत असेल तर तेच घ्या. ते आज रात्री सुरू होतं. फेज जुळवायला आठवडे लागतात, आणि भारतात तो नेहमीच्या उपचारात नाही. सगळी औषधं संपली असतील तरच जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीच्या, फेजने उपचार करणाऱ्या एलियावा संस्थेसारख्या ठिकाणी डॉक्टरांमार्फत विचारणा करता येते. त्यासाठी कल्चरचा कागदी रिपोर्ट पुरत नाही, रोग्याचा जिवाणूच जिवंत लागतो. प्लेटचं काम संपलं की लॅब ती नष्ट करते, तेव्हा रिपोर्ट घ्यायला जाल त्याच दिवशी जिवाणू जपून ठेवायला सांगा.