अंग पिवळं दिसतंय: कावीळ आहे की गाजर-भोपळ्याचा रंग?

घरातल्या कुणाचं तरी नाक किंवा तळहात पिवळे दिसले की पहिला शब्द तोंडात येतो तो कावीळ. आणि तेवढ्यात दुसरं कुणी म्हणतं, "अगं, रोज गाजर खातोय ना, त्याचा रंग असेल." दोन्ही खरं असू शकतं. पण एकात एक-दोन दिवसांत रक्त तपासावं लागतं आणि दुसऱ्यात फक्त जेवणातले पदार्थ बदलायचे असतात. म्हणून निर्णय अंदाजाने घेऊ नका. हातांकडे बघण्याआधी डोळ्यांचा पांढरा भाग बघा.

दोन्ही रंग शरीरात वेगवेगळ्या जागी बसतात. कावीळीचा पिवळेपणा बिलिरुबिनमुळे येतो. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्यावर हा पदार्थ तयार होतो आणि यकृत तो पित्तातून बाहेर टाकतं. तो साठू लागला की सगळ्या अंगभर पोचतो. इलास्टिन नावाच्या लवचीक तंतूंना तो चटकन चिकटतो, आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात व त्यावरच्या पातळ आवरणात हे तंतू भरपूर असतात. मागे पांढरा रंग असल्यामुळे थोडासा पिवळेपणाही तिथे उठून दिसतो. म्हणूनच कावीळ बहुतेक वेळा त्वचेआधी डोळ्यांत दिसते.

गाजर, लाल भोपळा, रताळं यांतलं कॅरोटीन चरबीत विरघळणारं असतं. ते घाम आणि त्वचेवरच्या तेलातून बाहेर पडतं आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या, निबर थरात साठतं. त्यामुळे जिथे हा थर जाड आहे, म्हणजे तळहात आणि तळपाय, आणि जिथे तेल-घाम जास्त सुटतो, म्हणजे नाक, कपाळ आणि नाकाच्या बाजूच्या घड्या, तिथे रंग गडद दिसतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर असा निबर थरही नाही आणि घामाच्या ग्रंथीही नाहीत, म्हणून तो पांढराच राहतो. रंगाची छटाही निरखा: कॅरोटीनची झाक नारिंगीकडे झुकते.

आता डोळे बघायचे कसे, कारण चूक नेमकी इथेच होते. पिवळ्या दिव्याखाली पांढरी भिंतसुद्धा पिवळी दिसते. दिवसा खिडकीजवळ या. मोबाईलच्या फोटोवर विसंबू नका, कॅमेरा रंग स्वतःच बदलतो. समोरच्याला जमिनीकडे बघायला सांगा आणि अंगठ्याने वरची पापणी हलकेच वर उचला. पापणीखाली कायम झाकलेला पांढरा भाग आता दिसेल, निर्णय त्यावर करायचा. शेजारी दुसऱ्या माणसाचे डोळे ठेवून ताडून बघितलं तर फरक लगेच कळतो. लहान बाळाचे डोळे बोटांनी ताणून उघडू नका. त्याला उभं धरून समोर खेळणं हलवा, ते आपणहून टक लावून बघेल.

पापणी उचलायला सांगण्याचं कारण आहे. बऱ्याच जणांच्या डोळ्यात बुबुळाच्या बाजूला, विशेषतः नाकाकडे, पिवळसर उंचवटा असतो. सावळ्या वर्णाच्या माणसांत तिथे तपकिरी, मातकट ठिपकेही असतात. हे डाग उघड्या भागातच असतात आणि त्यांना कडा असते. कावीळीचा पिवळेपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो आणि पापणीखालीही तसाच जातो. सावळ्या त्वचेवर कावीळ अंगावरून ओळखणं कठीण जातं, तेव्हा डोळ्यांबरोबर जिभेखालची बाजू आणि तोंडातली टाळूही बघा.

एक उदाहरण घेऊ. दहा महिन्यांचं बाळ. दोन महिने दोन्ही वेळच्या जेवणात गाजर आणि लाल भोपळ्याचा मऊ शिजवलेला गर. नाकाचा शेंडा, तळहात, तळपाय नारिंगी. डोळे पांढरेशुभ्र, हिरड्या गुलाबी, लघवी फिकट, शी नेहमीच्या रंगाची, बाळ खातंय, खेळतंय, वजन वाढतंय. इथे धावपळीची गरज नाही, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवलं तरी चालेल. शिजवून कुस्करलेल्या भाजीतलं कॅरोटीन कच्च्यापेक्षा जास्त शोषलं जातं आणि बाळाचं अंग लहान, म्हणून त्याला थोडंही पुरतं. मोठ्या माणसाला साधारणपणे रोज चार-सहा मध्यम गाजरं किंवा तेवढा रस काही आठवडे घ्यावा लागतो. भाजी बंद करायची नाही, आलटूनपालटून द्यायची. शरीर कॅरोटीनपासून जीवनसत्त्व अ गरजेपुरतंच बनवतं, त्यामुळे या भाज्यांनी त्याची विषबाधा होत नाही. मात्र रंग आठवडाभरात जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.

आता याच बाळाची शी मातीसारखी पांढुरकी झाली किंवा लघवीने लंगोट गडद पिवळा डागाळू लागला, तर डोळे कसेही दिसोत, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि नवजात बाळाला ही तुलना लावूच नका. ते भाजी खात नाही, त्याचा पिवळेपणा कावीळ समजूनच दाखवायचा. पहिल्या चोवीस तासांत आला असेल तर ताबडतोब. दोन आठवडे उलटूनही राहिला तरी दाखवायचाच, कारण पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया लवकर झालेली बरी असते.

पांढऱ्या डोळ्यांची मर्यादाही माहीत हवी. रक्तात दर डेसिलिटरला बिलिरुबिन साधारण 1 मिलिग्रॅमपर्यंत असणं ठीक मानतात, पण डोळ्यांत ते दिसायला लागतं अडीच-तीनच्या आसपास. मधल्या टप्प्यात डोळे पांढरे आणि आजार सुरू, असं होऊ शकतं. यकृताला सूज आली की पुष्कळदा लघवी आधी गडद होते, डोळे मागून पिवळे होतात. म्हणून अन्नावरची वासना गेली आहे, मळमळतंय, अंगाला खाज सुटते आहे, लघवी चहासारखी होते आहे, तर पांढरे डोळे बघून निश्चिंत होऊ नका. उलट बाजूने, डोळे पिवळे पण लघवी स्वच्छ असंही काही प्रकारांत होतं, उदाहरणार्थ तांबड्या पेशी भराभर मोडतात तेव्हा. तिथेही तपासणी हवीच. आणि फारसं गाजर-भोपळा न खाता तळहात नारिंगी झाले, डोळे मात्र पांढरे, तर थायरॉईड आणि साखर तपासून घ्या. त्या आजारांतही कॅरोटीन साठतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एका गोष्टीची. माणूस रोज गाजराचा रस पितो, डोळे पिवळे होतात, घरचे रस बंद करतात आणि महिनाभर रंग उतरायची वाट बघतात. डोळ्यातला पिवळा रंग गाजराने येत नाही, रस कितीही प्यायला असला तरी. अशा वेळी रक्तातलं एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन आणि यकृताच्या इतर तपासण्या एक-दोन दिवसांत करून घ्या. सोबत ताप आणि पोटात उजवीकडे दुखणं असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा खूप झोपाळला असेल, कुठून रक्त येत असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर तपासणीची वेळ ठरवत बसू नका, सरळ रुग्णालयात न्या.