हळदीच्या पाकिटावर ‘हरिद्रा’ की ‘पेव’?

सांगलीत हळद पावडरीचा छोटा उद्योग सुरू करणाऱ्याला नाव शोधताना बहुधा दोनच वाटा दिसतात: संस्कृतातले भारदस्त नाव घ्यावे, किंवा आपल्या भागातला जुना शब्द उचलावा. ‘सांगली हळद’ हे नाव मी आरंभीच बाजूला ठेवले, कारण त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि ते कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही. उरलेली दोन्ही नावे मी प्रत्यक्ष पाकिटावर छापून पाहिली आहेत.

अर्थाच्या कसोटीवर ‘हरिद्रा’ निर्दोष वाटते. ते हळदीचेच संस्कृत नाव असल्याने वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. मात्र नोंदणीच्या दृष्टीने तेच तिचे दुखणे आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचे नाव, जात किंवा गुण नुसते सांगणाऱ्या शब्दाला सहसा नोंदणी मिळत नाही, आणि हळदीला ‘हळद’ म्हणून नोंदवून घेण्यासारखाच हा प्रकार होतो. पुढे कोणी ‘श्री हरिद्रा’ काढले, तर त्याला अडवणे अवघड.

‘पेव’ हा शब्द सांगलीजवळच्या हरिपूरचा म्हणावा इतका तिथल्या हळदीशी जोडलेला आहे. जमिनीत खोल खोदलेल्या या कोठारांत पूर्वी हळकुंडांची पोती साठवीत. २००५ च्या महापुरात पाणी शिरल्यानंतर त्यांचा वापर फारच कमी झाला. या नावात माल थेट सांगितलेला नसून सूचित केलेला आहे, त्यामुळे ते नोंदणीला तुलनेने सोयीचे ठरावे. शेवटचा शब्द अर्थात वकिलाचा. अर्थाची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण नको त्या गोष्टींच्या सुळसुळाटासाठी वापरतो, आणि माझ्या आत्यांनी नाव ऐकताच तोच ऐकवला. मी महिनाभर त्या शंकेने घुटमळलो. मग दुकानांत उभे राहून पाहिले, तेव्हा ज्येष्ठांना हरिपूर आठवले आणि तरुणांनी ‘पेव म्हणजे काय?’ असे विचारले. ज्याने एकदा विचारले, तो नाव विसरला नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

निर्णय खरे तर उच्चाराने झाला. पहिली पाकिटे ‘हरिद्रा’ नावाची होती. मिरजेच्या एका किराणा दुकानातून दुसऱ्याच आठवड्यात चिठ्ठी आली: ‘हरिद्वार हळद, १० नग’. मी हसून सोडून दिले. नंतर फोनवर ‘हरेंद्र’ झाले, एका गिऱ्हाईकाने ‘हरिंद्रा’ म्हटले, आणि ‘ती हरिद्वारहून येणारी हळद’ अशी ओळख एका गल्लीत पक्की झाली. सांगलीच्या मालाला गंगाकाठचा पत्ता मिळाल्यावर माझा धीर सुटला. जोडाक्षर डोळ्यांना शोभते, पण घाईच्या काउंटरवर जीभ ते टाळते आणि जवळचा ओळखीचा शब्द उचलते. इंग्रजी अक्षरांत तर कोणी Haridra लिहितो, कोणी Haridhra. ‘पेव’मध्ये चुकायला जागाच कमी आहे. तेही पूर्ण निर्धोक नाही. फोनवर ते ‘पेय’ ऐकू येते, म्हणून मी नेहमी ‘पेव हळद’ असे जोडूनच सांगतो.

नाव ठरवण्याआधी व्यापारचिन्हांच्या सार्वजनिक शोधात मसाले ज्यात मोडतात तो वर्ग ३० निवडून दोनदा पाहावे: एकदा शब्दानुसार आणि एकदा ध्वनीनुसार. स्पेलिंग वेगळे पण कानाला सारखे वाटणारे नाव दुसऱ्या शोधातच सापडते.

घोषवाक्याच्या बाबतीत मला फार दोलायमान व्हावे लागले नाही. ‘हरिद्रा’साठी ‘शुद्धतेची परंपरा’ सुचले होते. ते तुपावर, मसाल्यावर किंवा सराफाच्या पाटीवरही चालले असते. शिवाय अन्नपदार्थांच्या जाहिरातींविषयीच्या २०१८ च्या नियमांत ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ अशा शब्दांवर अटी आहेत. ‘पेव’साठी ‘जमिनीखाली जपलेली’ फार आवडले होते, पण आमची हळद पेवात साठवलेली नाही, त्यामुळे ते खोटे ठरले असते. शेवटी ‘चिमूटभर पुरे’ घेतले. एवढ्या मोठ्या कोठाराच्या नावाखाली चिमूट शोभते, आणि आमटीत हळद टाकताना बायका ते मुळातच म्हणतात.

ज्यांचा माल मुख्यतः पूजासाहित्याच्या दुकानांत जाणार आहे, त्यांना ‘हरिद्रा’ कदाचित अधिक लाभेल; तिथे संस्कृत उच्चार सवयीचे असतात. किराण्याच्या काउंटरसाठी मी ‘पेव’वरच थांबलो. मिरजेच्या त्या दुकानातून आता ‘पेव १०’ एवढीच चिठ्ठी येते. एकदा ‘पेय १०’ आली होती, पण पत्ता सांगलीचाच होता.