धातू-प्रत्यय वर्कशीट: सहा महिन्यांचा अनुभव (उत्तरपत्रिका जपून वापरा)

सहा महिने झाले संस्कृतचा हा संच वापरतेय. पेन्सिलनं सोडवायचं आणि खोडरबरनं पुसायचं, त्यामुळे एकाच प्रिंटवर तिसरी फेरी चाललीय. स्वाध्याय तसा सगळ्यांना माहितीये, शब्द दिलेला असतो आणि समोर धातू, प्रत्यय, अर्थ असे तीन रकाने.

माझं डोकं फिरलं ते चौदाव्या पानावर. सुरुवातीच्या पानांत 'गच्छति'चं उत्तर 'गच्छ् + ति' असं दिलंय, मी ते मुकाट्यानं घोटलं. चौदाव्या पानावर भविष्यकाळ आला तेव्हा त्याच हिशोबानं 'गच्छिष्यति' लिहून मोकळी झाले आणि उत्तरपत्रिका म्हणते 'गमिष्यति'! अरे मग धातू गम् आहे हे आधीच सांगायचं ना. गच्छ् हा आदेश आहे, म्हणजे गम्च्या जागी येणारं रूप, तो गच्छति, अगच्छत्, गच्छतु, गच्छेत् एवढ्या चारच लकारांत, म्हणजे काळ-आज्ञार्थ अशा रूपगटांत येतो, बाकी ठिकाणी मूळ गम् परत डोकं वर काढतो (गमिष्यति, गन्तुम्). तिष्ठति-स्थास्यति, पश्यति-द्रक्ष्यति, सगळीकडे हीच गंमत. शिवाय गच्छ् आणि ति जोडले तर मधला 'अ' कुठून आला? तो विकरण, म्हणजे धातू आणि प्रत्ययाच्या मधे येणारा तुकडा, त्याला रकानाच नाही. 'नृत्यति'तही तेच, नृत् + य + ति, पण मधला 'य' कोणी ना कोणी धातूलाच चिकटवणार.

कळवलं संच काढणाऱ्यांना. उत्तर आलं, 'या पातळीला एवढं पुरेसं आहे.' बरं बाबा. मी पट्टीनं चौथा रकाना आखला, विकरणाचा, आणि खरं सांगू, त्यानंतर संच आवडायला लागला. आता धातू लिहिण्याआधी मनात भविष्यकाळाचं रूप म्हणून बघते, पिबति म्हटलं की पास्यति, म्हणजे धातू पा.

पण तिथेही एक खड्डा निघालाच. 'पाति'चा अर्थ उत्तरपत्रिकेत 'पितो' छापलाय. साफ चूक! पा धातू दोन आहेत. पहिल्या गणातला, म्हणजे धातूंच्या पहिल्या गटातला, पिण्याचा, त्याचं पिबति. दुसऱ्या गणातला रक्षणाचा, तिथे मधे विकरण दिसतच नाही म्हणून सरळ पा + ति, अर्थ 'रक्षण करतो'. म्हणजे दोन्हींत फरक दाखवते ती नेमकी मधली जागा, जिला यांनी रकाना दिला नाही. भविष्यकाळात मात्र दोन्हींचं पास्यति, तिथे वाक्यच बघावं लागतं आणि माझी युक्ती गप्प बसते.

ही चूक शोधताना 'नृप' आणि 'पादप' शेजारी ठेवून बघितले. नृप म्हणजे माणसांचं रक्षण करणारा, पादप म्हणजे पायांनी पिणारा, झाड! शेवटचा 'प' दिसायला तोच, धातू वेगळे. त्या दिवशी राग बराचसा गेला.

आता चौथी फेरी करणार होते पण कागद खोडून खोडून विरलाय. नवीन प्रिंट काढीन, चौथा रकाना आधीच आखून.