‘करणे’ला इंग्रजीत एकच क्रियापद नाही: SkELL सहा महिने वापरल्यावर

‘डू अ मिस्टेक’ आणि ‘मेक अ होमवर्क’ या चुकांचं मूळ एकाच ठिकाणी आहे. आपण चूकही करतो, गृहपाठही करतो, फोन करतो, आंघोळही करतो. इंग्रजीत चूक, फोन यांच्याबरोबर ‘मेक’ येतं, गृहपाठाबरोबर ‘डू’ आणि आंघोळीबरोबर ‘हॅव’ किंवा ‘टेक’. ‘मेक म्हणजे घडवणे, डू म्हणजे पार पाडणे’ हा शाळेतला नियम फोन कॉलपाशीच कोलमडतो. म्हणून नाम-क्रियापदाची जोडी नामाकडून शिकावी लागते, आणि त्यासाठी SkELL हे इंग्रजी शब्दांची खरी वाक्यं आणि सोबती शब्द दाखवणारं संकेतस्थळ चांगलं आहे. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, skell.sketchengine.eu या पत्त्यावर मिळतं.

शोधपेटीत फक्त नाम टाकायचं, `mistake`. Examples मध्ये त्या शब्दाची खरीखुरी वाक्यं येतात, जास्तीत जास्त चाळीस. मात्र आपलं काम Word sketch या भागात आहे. तिथे ‘मिस्टेक’ कर्म असलेली क्रियापदं एका गटात दिसतात: मेक, करेक्ट, अ‍ॅडमिट, रिपीट अशी. चूक करणे, सुधारणे, कबूल करणे, पुन्हा करणे हे सगळं एका बैठकीत हाती लागतं. क्रियापदावर टिचकी मारली की त्या जोडीची वाक्यं उघडतात.

ही टिचकी टाळू नये. यादीत शब्द मूळ रूपात असतात, ‘अ’ किंवा ‘द’ दिसत नाही. नुसती यादी उतरवली तर वहीत ‘मेक मिस्टेक’ जातं आणि बोलण्यातही तसंच येतं. वाक्यं पाहिली की ‘मेक अ मिस्टेक’ आणि ‘मेक मिस्टेक्स’ ही दोन्ही रूपं कळतात. ‘होमवर्क’ची वाक्यं उघडली तर तो शब्द मोजता न येणारा आहे हे लक्षात येतं: ‘डू होमवर्क’, ‘डू माय होमवर्क’, पण ‘अ होमवर्क’ नाही. म्हणजे ‘मेक अ होमवर्क’मध्ये चुका दोन आहेत, आणि बहुतेक जण क्रियापद सुधारून ‘अ’ तसाच ठेवतात.

फसगत होते ती उलट्या बाजूने, म्हणजे आपली चुकीची जोडी बरोबर आहे का हे शोधताना. `did a mistake` शोधलं आणि एखादं वाक्य सापडलं, तर ते आधी नीट वाचावं. ‘व्हेअर डिड अ मिस्टेक ऑकर?’ यात ‘डिड’ फक्त प्रश्न करण्यासाठी आलं आहे, चूक ‘करण्या’शी त्याचा संबंध नाही. पुस्तकांत एखादा शब्दसमूह किती येतो याचा आलेख दाखवणाऱ्या गूगलच्या Ngram Viewer मध्येही हाच धोका, कारण असं शोधलं की तिथे फक्त शब्दांचा क्रम मोजला जातो. तरी दोन जोड्यांची तुलना करायला ते उपयोगी आहे. स्वल्पविरामाने वेगळं करून टाकायचं:

```
made a mistake,did a mistake
```

दोन रेषांमधलं अंतर पाहिलं की वाद उरत नाही. निर्णयाच्या बाबतीत मात्र सरळ बरोबर-चूक असा निकाल लागत नाही. `make a decision,take a decision` आधी अमेरिकन आणि मग ब्रिटिश पुस्तकांत पाहावं. ‘निर्णय घेणे’वरून आपल्या तोंडी बसलेलं ‘टेक’ ब्रिटिश इंग्रजीत चालतं, अमेरिकन कानाला खटकतं.

सगळ्यात चिवट निघतात त्या ‘देणे’च्या जोड्या. ‘परीक्षा देणे’वरून ‘गिव्ह द एक्झाम’ भारतात सर्रास चालतं. बाहेरच्या माणसाला त्यातून तुम्ही परीक्षक आहात असं वाटू शकतं. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, ब्रिटनमध्ये ‘सिट’ही. ‘लक्ष देणे’ला ‘पे अटेन्शन’. ‘शंका विचारणे’मध्ये तर क्रियापद बरोबर असूनही नाम घसरतं: तिथे ‘डाउट’ नको, ‘आस्क अ क्वेश्चन’ म्हणावं. अशी चूक SkELL दाखवत नाही, कारण ते नेहमीचं काय ते सांगतं, चुकीचं काय ते नाही.

पाठांतरासाठी कार्डं बनवताना पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहावं, ‘तिने काल परीक्षा दिली’, आणि मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. नुसतं ‘एक्झाम = टेक’ लिहिलं तर बोलताना उपयोग होत नाही, कारण तोंडाशी आधी ‘दिली’ येतं आणि नेमका तिथेच अडथळा हवा असतो. आठवड्याला सात-आठ नामं पुरतात. ‘मेक’ची वीस नामं आणि ‘डू’ची वीस नामं अशा समोरासमोर याद्या करू नयेत, पाठ होता होताच त्या एकमेकींत मिसळतात.

उणिवा आहेतच. मराठी अर्थ मिळत नाही. वाक्यं यंत्राने निवडलेली असल्याने काही अर्धवट संदर्भाची, तर काही भलतीच अवघड निघतात. ज्याला साधी इंग्रजी बातमी वाचताना अडखळायला होतं, त्याने आधी जोड्यांचा छापील शब्दकोश घ्यावा. ज्याला वाचता येतं पण लिहिताना ‘कमिट अ मिस्टेक’ सुटतं, त्याच्यासाठी SkELL नेमकं आहे. ‘कमिट’ची कर्मं एकदा उघडून पाहा: खून, गुन्हा, आत्महत्या.